सहलीच्या शेकडो फोटोंतून एकच निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात माझा स्टुडिओ आहे. दिवाळीची सुट्टी संपली की लोक पेनड्राइव्ह नाहीतर मोबाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "भिंतीवर एकच लावायचाय, कुठला लावू?" त्यांनी काउंटरवर आणि फोनवर पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक आमच्याच घरच्या एका सहलीची घेतली आहेत, कारण ते सगळे फोटो मी स्वतः चाळले आहेत.

१. चारशे फोटो आहेत, सगळेच चांगले वाटायलेत. सुरुवात कुठून करू?

पहिल्या फेरीत एकही फोटो मोठा करून बघू नका. गॅलरीत एका ओळीत तीन-चार फोटो दिसतात, तसेच लहान ठेवून वरून खाली सरकत जा आणि जिथे नजर आपोआप थांबेल तिथे खूण करा. लहान आकारात बारकावे दिसत नाहीत, मांडणी तेवढी दिसते: माणूस कुठे आहे, उजेड कुठे आहे, गर्दी किती आहे. जो फोटो बोटाच्या पेराएवढा असतानाही कळतो, तो भिंतीवर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो.

दुसऱ्या फेरीत एकाच जागेचे सात-आठ सारखे फोटो असतील त्यांतला एक ठेवा. तो ठरवताना मात्र मोठा करून चेहरे बघा, कारण अशा फोटोंत फरक फक्त उघड्या-मिटल्या डोळ्यांचा आणि हललेल्या हाताचा असतो. इथवर चारशेचे चाळीस होतात. मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी चाळिसांचे दहा करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. खरा वेळ लागतो तो दहातून एक काढायला. पुढचे सगळे प्रश्न त्या दहांबद्दलच आहेत.

२. गोष्ट, भावना आणि तांत्रिक दर्जा, यांत आधी काय बघायचं? गुण देऊन बेरीज केली तर?

बेरीज करू नका. मी पूर्वी दहापैकी गुण देऊन बघितलं होतं. होतं असं की सगळ्यात सात-सात मिळालेला गुळगुळीत फोटो वर येतो आणि ज्यात जीव आहे तो मागे पडतो.

तांत्रिक दर्जा हा उंबरठा समजा. फोटो त्याच्या आत आला की बाहेर, एवढंच ठरवायचं. आत आलेल्यांत "हा जास्त शार्प आहे" म्हणून कुणाला पुढे न्यायचं नाही. त्यानंतर गोष्ट बघायची, कारण गोष्ट नसलेला फोटो सहा महिन्यांनी भिंतीवर दिसेनासा होतो. शेवटी गोष्ट असलेले दोन-तीन उरले की त्यांतला एक भावनेवर ठरतो. उंबरठा नेमका कुठे, ते प्रश्न ५ मध्ये आहे. हा क्रम उलटा करावा लागतो अशी एकच वेळ मला माहीत आहे, ती प्रश्न ११ मध्ये.

३. फोटोत 'गोष्ट' आहे म्हणजे नेमकं काय? देवळाचा सुंदर फोटो ही गोष्ट नाही का?

वेरूळला कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर उभं राहिलं की सोळा नंबरचं अख्खं लेणं एका नजरेत दिसतं. डोंगर वरून खाली कोरत आणलेला आहे, हे तिथूनच खरं उमगतं. तिथला फोटो प्रत्येकाकडे असतो आणि तो चांगलाच येतो, कारण दगड हलत नाही आणि जागाच भव्य आहे. पण त्या फोटोत तुमच्या सहलीचं काहीच नसतं. तुम्ही गेला नसता तरी तो फोटो तसाच आला असता.

त्याच लेण्याच्या चौकात मोठे दगडी हत्ती आहेत आणि त्यांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. आमचा पुतण्या, वय वर्षं सात, हत्तीपासून दोन हात अंतरावर उभा राहिला आणि त्याने आपला हात लांब करून सोंडेच्या जागी धरला. फोटोत हत्तीचं डोकं संपतं तिथून पोराचा हात सुरू होतो. बघणाऱ्याला तीन गोष्टी न सांगता कळतात: सोंड नाही, हे पोराच्या लक्षात आलं, आणि त्याने ती भरून काढली. याला मी गोष्ट म्हणतो. कुणीतरी काहीतरी करतंय, ते त्याच जागेमुळे करतंय, आणि त्याच्या आधी किंवा नंतर काय झालं असेल हे बघणाऱ्याच्या मनात येतं.

घरी करून बघण्याजोगी एक परीक्षा आहे. फोटोचं वर्णन एका वाक्यात करा. त्या वाक्यात 'आहे' सोडून दुसरं क्रियापद आलं तर गोष्ट असण्याची शक्यता आहे. "हे कैलास लेणं आहे" इथे वाक्य संपतं. "पोरगं हत्तीला सोंड देतंय" हे वाक्य पुढे चालतं.

४. भावना म्हणजे हसरे चेहरेच ना? मग सगळ्यांत जास्त हसणारा फोटो घेऊ का?

कॅमेऱ्याकडे बघून केलेलं हसू हा शिष्टाचार असतो. दात दिसतात, पण डोळ्यांखालची कातडी हलत नाही. खरं हसू आलं की गाल वर जातात, डोळे बारीक होतात आणि बाहेरच्या कोपऱ्याला सुरकुत्या पडतात. फोटो मोठा करून फक्त डोळ्यांची पट्टी बघा, तोंड हाताने झाका. तरीही माणूस हसताना दिसला तर ते हसू खरं आहे.

आणि भावना चेहऱ्यातच असते असंही नाही. येळवशीला रानात गेलेल्या एका घरचे फोटो माझ्याकडे आले होते. कोपीसमोर ओळीने उभे राहून काढलेले तीस-चाळीस फोटो, आणि एकात आजी नातीच्या हातातला आंबिलीचा पेला खालून तळव्याने सावरते आहे. दोघींचे चेहरे अर्धवटच दिसतात. पेला सांडेल की काय, ही काळजी त्या तळव्यात दिसते. त्यांनी तोच लावला, आणि तो निवडताना मला एक शब्द बोलावा लागला नाही.

५. कुठला दोष चालतो आणि कुठला नाही? थोडा हललेला, थोडा अंधारा असेल तर?

दोषांचे दोन गट करा: नंतर भरून निघणारे आणि न निघणारे.

फोटो तिरका असणं, कडेला कुणाचं कोपर येणं, थोडा अंधारा असणं, रंग पिवळट असणं, हे सगळं भरून निघतं. दाणेदारपणाही चालतो. कमी उजेडात फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो आणि रवाळ ठिपके दिसू लागतात, पण कागदावर ते स्क्रीनपेक्षा बरेच कमी जाणवतात. केवळ दाण्यांमुळे कुणी फोटो बाद केला की मला वाईट वाटतं.

न भरून निघणारे तीन. पहिला, मुख्य माणसाचे डोळे फोकसमध्ये नसणं. दुसरा, चेहरा हललेला असणं. तिसरा, चेहऱ्याचा भाग उन्हाने पूर्ण पांढरा होणं. अंधारात थोडा तपशील दडलेला असतो आणि तो वर आणता येतो, पण पांढऱ्या झालेल्या जागी कॅमेऱ्याने काही नोंदलेलंच नसतं. कपाळावरचा पांढरा पट्टा फिक्कट करायला गेलात तर तो राखाडी होतो, कातडीचा रंग परत येत नाही.

'ब्लर' म्हणून सगळे एकाच नावाने ओळखतात, पण त्याचे प्रकार वेगळे असतात आणि ते ओळखता येतात. फोटो पूर्ण मोठा करा. मागचा दगड स्पष्ट आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकला आहे. सगळंच, दगडसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर फोन हलला. दगड स्पष्ट, माणूस मात्र ओढल्यासारखा असेल तर माणूस हलला. या तिसऱ्या प्रकारात एक पळवाट आहे: चेहरा स्थिर आणि फक्त हात किंवा पदर हललेला असेल तर फोटो ठेवा, त्यात चाल दिसते. बहुतेक फोनमध्ये फोटो वर सरकवला की शटरचा आकडा, म्हणजे फोटो सेकंदाच्या कितव्या भागात टिपला गेला ते, दिसतो. १/१२५ किंवा त्याहून वेगवान असेल तर साध्या हालचाली थांबतात, १/१५ असेल तर बोलणारं तोंडसुद्धा हलतं.

६. दहातून एक कसा ठरतो, ते एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

आमच्या घरची दोन दिवसांची सहल. लातूरहून पहाटे निघालो, दुपारी देवगिरी बघितला, रात्री संभाजीनगरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ-घृष्णेश्वर. तीन फोनमध्ये मिळून ४१२ फोटो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ३८, दुसऱ्या दिवशी ९. त्यांतल्या पाचांवर खरी चर्चा झाली.

कड्यावरून काढलेलं कैलास लेणं: तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत स्वच्छ. प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या कारणाने पहिल्यांदा तेच बाजूला ठेवलं.

घृष्णेश्वराच्या बाहेरचा आठही जणांचा फोटो: सगळे आहेत, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. तो अल्बममध्ये गेला.

देवगिरीच्या अंधारीतला फोटो: वळणावळणाचा काळोखा बोगदा, डोक्यावर वटवाघळं, आणि वहिनीने मावशीचा पदर घट्ट धरलेला. गोष्ट आहे, भीती आहे, सगळं आहे. पण फोन नाइट मोडवर होता. त्या मोडमध्ये फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो करतो, आणि मध्ये माणूस हलला की चेहऱ्याच्या दोन कडा उमटतात. वहिनीला दोन नाकं दिसत होती. हा फोटो जावा असं मला मनापासून वाटत नव्हतं. तीनदा परत घेतला आणि तीनदा बाजूला ठेवला, कारण बघणारा आधी नाकच बघणार.

उरले दोन. हत्तीची सोंड झालेला पुतण्या, आणि आईचा एक फोटो.

आईला गुडघ्यांमुळे वर चढवेना, म्हणून ती देवगिरीच्या पायऱ्यांवर खालीच थांबली. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या तिच्याकडे दिल्या. वर गेलेल्या दहा वर्षांच्या पुतणीने मागे वळून खाली फोन धरला आणि फोटो काढला. आई पायरीवर बसली आहे, मांडीवर आणि दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यांतल्या एकीतून पाण्याची बाटली बाहेर आलेली. दुपारचं ऊन समोरून येतंय म्हणून तिने कपाळावर हात आडवा धरलाय आणि ती वर बघते आहे. मागे, खाली, चाँद मिनार. बऱ्यापैकी तिरका आलेला, उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर, आणि हाताच्या सावलीत आईचे डोळे काळोखे.

हा फोटो कुणालाच पहिल्या फेरीत आवडला नव्हता. मी फक्त त्यातल्या आकारामुळे खूण केली होती: खाली रुंद, वर निमुळती अशी बसलेली बाई आणि मागे उभा मिनार. मोठा करून बघितलं तेव्हा डोळे फोकसमध्ये निघाले. शटर १/८०० होतं, त्यामुळे हलण्याचा प्रश्नच नव्हता. सावली थोडी उजळली, डोळे दिसू लागले. तिरकेपणा काढताना कडा कापल्या गेल्या, त्यात कोपरही गेलं. म्हणजे उंबरठा ओलांडला.

मग गोष्ट. पिशव्या मोजल्या की किती जण वर गेलेत ते कळतं. आडवा हात सांगतो की ती त्यांनाच शोधते आहे. मिनार जागेचं नाव सांगतो. पुतण्याच्या फोटोतही गोष्ट होती, म्हणून ठरवायचं ते भावनेवर. पुतण्याचा फोटो बघून सगळे हसले आणि पुढचा फोटो मागू लागले. आईच्या फोटोपाशी भाऊ थांबला आणि म्हणाला, "आपण वर किती वेळ होतो रे?" तिथे निवड झाली. पुतण्याचा फोटो त्याच्या वाढदिवसाला छोट्या फ्रेममध्ये दिला.

७. मला एक फोटो फार आवडतो, पण घरच्यांना त्यात काहीच वाटत नाही. चूक कुणाची?

बहुधा तुम्ही फोटो बघत नसता, तो काढतानाची वेळ आठवत असता. पाऊस आला होता, चहा गरम होता, गाडी सुटता सुटता राहिली होती. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

सहलीला न आलेल्या एका माणसाला शेवटचे तीन फोटो दाखवा. कुठे, कधी, कोण, काहीही सांगू नका आणि "कसा आहे?" असंही विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "इथे काय चाललंय?" एवढंच विचारा. त्याने सांगितलेलं तुमच्या आठवणीच्या जवळ गेलं तर फोटो स्वतः बोलतोय. आईच्या फोटोवर आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेकरं वर गेलीत अन् ह्या राखण बसल्यात." चाँद मिनार त्यांनी कधी बघितलेला नव्हता.

८. अजिंठ्यातले आमचे सगळे फोटो अंधारे आलेत. त्यातला एखादा चालेल का?

अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे फोटो अंधारे येणारच. चित्रांच्या तपशिलासाठी हे फोटो भिंतीवर लावू नका, त्यासाठी छापलेली पुस्तकं आहेत. चित्र बघणारा तुमचा माणूस ज्यात आहे तो शोधा: दाराकडून आलेला उजेड गालावर, बाकी काळोख. असा फोटो उजळायचा नाही. लोक आधी तेच करतात आणि काळोखाचा करडा, दाणेदार धूर होतो. गाल स्पष्ट असेल तर उरलेला काळोख काळाच छापा.

९. फोटोचा फक्त एक कोपरा सुंदर आहे. तेवढाच कापून घेतला तर?

घ्या, पण आधी पिक्सेल मोजा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, भिंतीवर चार-पाच फुटांवरून बघायच्या फ्रेमला २०० पुरतात. दोन्ही बाजूंनी निम्मा कापलात तर २००० बाय १५०० उरतात, म्हणजे भिंतीवर साधारण १० बाय साडेसात इंच. त्याहून मोठा मागाल तर चेहरा मेणासारखा दिसेल. झूम करून काढलेल्या फोटोचं गणितही बऱ्याचदा असंच असतं, कारण भिंग संपल्यावर फोन स्वतःच कापायला लागतो. आकडा पूर्ण दिसला तरी पानं आणि केस जवळून बघा, ते रंगवल्यासारखे दिसत असतील तर फोनने आतून भर घातली आहे.

१०. सगळ्यांत चांगला फोटो व्हॉट्सॲपवर आलेला आहे. ज्याने काढला त्याच्याकडून तो डिलीट झाला. आता?

आधी त्याच्या फोनच्या गॅलरीतलं 'ट्रॅश' बघायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये डिलीट केलेला फोटो तिथे निदान ३० दिवस राहतो. नसेलच, तर व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. प्रश्न ९ च्या हिशोबाने भिंतीवर ८ इंच. तेवढ्या आकारात तो चांगला दिसतो, फक्त त्यावर पुन्हा काम करू नका आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड करू नका. पुढच्या वेळी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल तशीच येते.

११. सहलीनंतर चार महिन्यांनी वडील गेले. त्यांचा एकच मनासारखा फोटो आहे, पण तो हललेला आहे. लावू नये का?

लावा. इथे प्रश्न २ चा क्रम उलटा करायचा. भावना आधी, आणि तांत्रिक दर्जाने फक्त आकार ठरवायचा.

हललेपणा फोटोबरोबर मोठा होतो. १२ बाय १८ मध्ये जो चेहरा दोनदा उमटल्यासारखा दिसतो, तोच ५ बाय ७ मध्ये नुसता मऊ वाटतो. ४ बाय ६, ५ बाय ७ आणि ६ बाय ८ अशा तीन साध्या प्रिंट काढून घ्या, भिंतीशी धरा आणि नेहमी बसता तिथून बघा. चेहरा ओळखीचा वाटतो तो सगळ्यांत मोठा आकार घ्या. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर कडा जास्त उठून दिसतात. शार्प करायला सांगू नका, त्याने हललेल्या कडेला पांढरी रेघ येते आणि चेहरा परका दिसू लागतो. फोटोच्या चारही बाजूंना दोन-अडीच इंच पांढरा माउंट ठेवून मोठी फ्रेम करता येते, म्हणजे भिंतीवर फ्रेम लहान वाटत नाही आणि वडील आपल्या आकारात राहतात.

एका ताईंनी गेल्या वर्षी असाच फोटो नेला. पैठणला नाथसागराच्या काठावर वडील टोपी सावरताना वाऱ्याकडे तोंड करून हसत होते. टोपीचा हात पूर्ण हललेला, चेहरा थोडा. ६ बाय ८ मध्ये चेहरा जुळला नाही, ५ बाय ७ मध्ये जुळला. तोच घेतला आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवायला सांगितली.